अर्धवेळ अभ्यासक्रमाच्या स्लाइड्स बदल करता येतील अशा स्वरूपात हव्या आहेत : समन्वयकांना पाठवायच्या ईमेलचा मसुदा पाहून द्यावा

पाळीवाला

मी सिन्नरजवळच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करतो, राहतो सिडकोत, आणि नाशिकमधल्याच एका संस्थेत गुणवत्ता व्यवस्थापनाची अर्धवेळ पदविका करतो आहे. वर्ग मंगळवारी व गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी असतात. दुसरी पाळी असलेल्या आठवड्यात संध्याकाळचे दोन्ही वर्ग हुकतात आणि मग हाती उरतात त्या फक्त स्लाइड्स. त्याही पीडीएफमध्ये, एका पानावर सहा अशा छापलेल्या.

प्रत्येक व्याख्यानाचा एका पानाचा सारांश तयार करून तो कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचायचा, ही माझी पद्धत आहे. जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास, एवढाच माझा खरा अभ्यासाचा वेळ आहे. मात्र पीडीएफमधून मजकूर उचलायला गेलो की काही नीट हाती लागत नाही, आणि सगळे पुन्हा टंकायचे तर एका व्याख्यानाला दोन रात्री जातात. म्हणून अभ्यासक्रमाच्या समन्वयकांना पुढील ईमेल लिहिला आहे. अजून पाठवलेला नाही.

> विषय : पीपीटीबाबत
>
> आदरणीय मॅडम,
> मी आपल्या पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी असून माझी नोकरी पाळीची आहे. त्यामुळे मला वर्गाला नियमित येता येत नाही व अभ्यासाला वेळ मिळत नाही. आपण दिलेल्या पीडीएफ वाचता येत नाहीत. तरी सर्व विषयांच्या पीपीटी एडिट करता येतील अशा स्वरूपात लवकरात लवकर पाठवाव्यात, ही नम्र विनंती.

काही बदल सुचवावेत.

सिन्नरची_माई

माझा धाकटाही असाच नोकरी सांभाळून शिकत होता. त्यालाही मी हेच सांगत असे की वर्ग बुडवून स्लाइड्सवर अभ्यास होत नाही. मुलांनो, सर फळ्यावर जे बोलतात ते स्लाइडमध्ये नसते. वर्गमित्राकडून वही घ्या, झेरॉक्स काढा. मॅडमना कशाला त्रास?

पाळीवाला

माई, वर्ग मी हौसेने बुडवत नाही, पाळी बदलून मिळत नाही. आणि स्लाइड्स नाहीत अशी माझी तक्रार नाही. त्या आहेत, फक्त त्यातला मजकूर उचलता येत नाही.

गंगापूररोडकर

एवढ्यासाठी ईमेल कशाला? पीडीएफची पीपीटी करून देणारी कितीतरी संकेतस्थळे आहेत. फाइल चढवा, दोन मिनिटांत पीपीटीएक्स उतरवून घ्या. माझ्या इंग्रजी प्रकल्प अहवालाचे असेच केले होते आणि अगदी व्यवस्थित झाले.

खिळेजुळारी

इंग्रजीत व्यवस्थित होते यात शंका नाही. मराठीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तोही एक नाही. मेन रोडवर माझे डीटीपीचे काम वीस वर्षांहून अधिक चालू आहे, त्यामुळे असल्या फाइली रोज हातातून जातात. पाळीवाले, मसुद्याकडे नंतर येऊ, आधी एक करा. प्रत्येक विषयाच्या पीडीएफमधला एकेक मराठी शब्द निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि काय उमटते ते जसेच्या तसे इथे टाका. ‘वाचता येत नाही’ एवढ्यावरून रोग कळत नाही.

पाळीवाला

केले. पाच विषय आहेत.

‘गुणवत्ता व्यवस्थापनाची तत्त्वे’ या विषयात ‘नियंत्रण’ हा शब्द चिकटवला तर असे येते :

```
fu;a=.k
```

‘औद्योगिक सुरक्षा’ या विषयात ‘स्थिती’ चे हे होते, आणि काही शब्दांत मध्येच जागा सुटते :

```
िस्थती
```

‘सांख्यिकीय प्रक्रिया नियंत्रण’ मध्ये शब्द निवडताच येत नाही, पूर्ण पानाभोवती चौकट येते. उरलेले दोन विषय इंग्रजीत आहेत आणि त्यांचा मजकूर नीट उचलला जातो.

खिळेजुळारी

म्हणजे तीन विषयांना तीन वेगळे आजार आहेत आणि दोन विषय ठणठणीत आहेत. ‘सर्व विषयांच्या पीपीटी’ हे मागणे इथेच पाचवरून तीनवर आले.

पहिला विषय Kruti Dev सारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला आहे. या फाँटमध्ये मराठी अक्षर हे फक्त डोळ्यांना दिसणारे चित्र असते, संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. पीडीएफ वाचकात फाइलच्या Properties मध्ये Fonts हा भाग उघडा, तिथे फाँटचे नाव दिसेल. आता महत्त्वाचे म्हणजे या विषयाची पीपीटी मिळाली तरी आतला मजकूर हाच असणार. तुमच्या संगणकावर तो फाँट असेल तर मराठी दिसेल, मोबाइलवर नसेल तर `fu;a=.k` च दिसेल. तेव्हा यासाठी सरांना त्रास देण्यात अर्थ नाही. पीडीएफमधून उचललेला मजकूर फाँट परिवर्तकात टाकून युनिकोड करून घ्या, आणि रफार व जोडाक्षरे तेवढी डोळ्यांखालून घाला, कारण चुका नेमक्या तिथेच राहतात.

सुरक्षेचा विषय युनिकोडमध्येच आहे, Fonts मध्ये बहुधा Mangal किंवा Nirmala UI दिसेल. पीडीएफ होताना अक्षरांऐवजी त्यांचे आकार आणि त्या आकारांच्या जागा साठवल्या जातात, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसत असल्यामुळे मजकूर उचलताना ती आधी येते. मूळ पीपीटीएक्समध्ये तीच अक्षरे योग्य क्रमाने असतात. इथे मूळ फाइल मागणे शंभर टक्के योग्य आहे. गंगापूररोडकर, आपल्या परिवर्तक संकेतस्थळांना ही पीडीएफ दिली तर ती वेलांट्या जशाच्या तशा विस्कटलेल्या ठेवून, वर प्रत्येक ओळीचा स्वतंत्र खोका करून देतात.

तिसरा विषय कोणीतरी छापून पुन्हा स्कॅन केलेला आहे. तो चारशे टक्के मोठा करून पाहा, अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतील.

पाळीवाला

दिसल्या. आणि याच विषयाने मला सर्वांत जास्त फसवले आहे, म्हणून थोडे विषयाला धरूनच सांगतो. नियंत्रण आलेखाच्या स्थिरांकांचा तक्ता एका स्लाइडवर आहे, आणि ती स्लाइड पानाच्या सहाव्या भागात बसवलेली आहे. पाचच्या नमुन्यासाठी A2 हा स्थिरांक 0.577 असतो, तो मी मोबाइलवर 0.517 असा वाचला. स्वाध्यायात सरासरी 25 आणि सरासरी रेंज 4 होती. माझी वरची मर्यादा 27.068 आली, ती यायला हवी होती 27.308. एका नमुन्याची सरासरी 27.2 होती, ती मी प्रक्रियेबाहेर गेली असे ठरवून कारणमीमांसेचे अर्धे पान लिहिले. सरांनी त्यावर फक्त ‘कशावरून?’ एवढेच लिहिले होते. हा प्रसंग ईमेलमध्ये घालू का?

समन्वयक_होते

घाला, पण दोन ओळींत. मी नाशिकमधल्या एका संस्थेत नऊ वर्षे अर्धवेळ अभ्यासक्रमांची समन्वयक होते, आता निवृत्त आहे. असे ईमेल मला दर सत्रात येत असत, म्हणून टेबलाच्या पलीकडचे थोडे सांगते.

तुमच्या मसुद्यात पहिली अडचण अशी आहे की तो मिळाल्यावर मी करायचे काय, हे मला कळत नाही. स्लाइड्स माझ्या नसतात. अर्धवेळ अभ्यासक्रमाला निम्मे शिक्षक बाहेरून येतात, फाइली त्यांच्या लॅपटॉपवर असतात आणि माझ्याकडे फक्त पीडीएफ येते. म्हणजे मला त्या प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र लिहावे लागणार, आणि ‘विद्यार्थ्याला पीपीटी हवी आहे’ एवढेच लिहिले तर त्यांचा पहिला प्रश्न ‘कशाला?’ असा येणार. त्याचे उत्तर तुमच्या ईमेलमध्ये नाही. तुमची नोकरी, पाळी, वेळ हे सगळे आहे, सारांश हा शब्दच नाही. म्हणून ईमेल असा लिहा की मी त्यात एक शब्दही न घालता तो तसाच शिक्षकांकडे पुढे पाठवू शकेन.

दुसरे म्हणजे, तक्ता वाचता न येणे हे पीपीटी मागण्याचे कारण नाही. एका पानावर एक स्लाइड अशी स्वच्छ पीडीएफ मिळाली तरी तुमचा 0.577 नीट दिसेल. हा पर्याय तुम्ही स्वतःच ईमेलमध्ये ठेवलात तर पीपीटी द्यायला कचरणारे शिक्षक निदान तेवढे देतील.

ते का कचरतात, हेही माहीत असू द्या. आमच्याकडे एका पाहुण्या शिक्षकांनी एक्सेलमधला आलेख उचलून स्लाइडवर चिकटवला होता आणि मी ती पीपीटी विद्यार्थ्यांना पाठवली. एका मुलाने आलेखातली माहिती पाहायला उघडली, तर आलेखामागची पूर्ण कार्यपुस्तिका उघडली. त्यात पुढच्या पानावर आधीच्या तुकडीचे गुण नावांसह होते. शिक्षकांना याचा पत्ताही नव्हता, कारण चिकटवताना पुस्तिका आत जाते हे स्लाइडवर दिसत नाही. त्यानंतर दोन वर्षे मी कोणालाच पीपीटी दिली नाही. पुढे शिक्षकांना सांगू लागले की आलेख चित्र म्हणून चिकटवा आणि स्लाइडखालच्या टिपा काढून टाका.

शंकाखोर

एवढी अजिजी कशासाठी? प्रताधिकार कायदा 1957 च्या कलम 52 प्रमाणे स्वतःच्या अभ्यासासाठी वापर करणे हे उल्लंघन ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात शैक्षणिक संचांच्या बाजूने निकाल दिला होता. ईमेलमध्ये हे स्पष्ट नमूद करावे.

समन्वयक_होते

कलम आहे आणि निकालही खरा आहे, पण त्याने तुमचा हेतू साधत नाही. तुमच्या हाती जे आले आहे त्याची नक्कल स्वतःच्या अभ्यासासाठी केलीत तर तो गुन्हा नाही, एवढेच त्यातून निघते. शिक्षकाने मूळ फाइल तुम्हाला दिलीच पाहिजे, असे त्यातून निघत नाही. ईमेलमध्ये कलम दिसले की समन्वयक तो शिक्षकांकडे न पाठवता प्राचार्यांकडे पाठवतात आणि मग सत्र संपेपर्यंत उत्तर येत नाही. शिवाय काही शिक्षक पाठ्यपुस्तकाच्या प्रकाशकाने फक्त शिक्षकांसाठी दिलेल्या तयार स्लाइड्स वापरतात. त्या फाइली पुढे देण्याची त्यांनाच परवानगी नसते.

शंकाखोर

मग स्वतःच्या म्हणून दाखवतात ते?

समन्वयक_होते

तो वेगळा धागा काढा, मीही लिहीन.

पाळीवाला

सर्वांच्या सूचना धरून पुन्हा लिहिला आहे. ‘संपादनक्षम’ असा शब्द आधी घातला होता, पण तो वाचून मलाच दडपण आले, म्हणून काढला.

> विषय : दोन विषयांच्या स्लाइड्स मूळ पीपीटीएक्स स्वरूपात मिळण्याबाबत (पदविका, अर्धवेळ, दुसरे सत्र)
>
> आदरणीय मॅडम,
>
> मी आपल्या अर्धवेळ पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्राचा विद्यार्थी आहे. प्रत्येक व्याख्यानाचा एका पानाचा सारांश मी स्वतःच्या अभ्यासासाठी तयार करतो आणि कामावर जाता-येता मोबाइलवर वाचतो. पुढील दोन विषयांत उपलब्ध पीडीएफवरून हे काम होत नाही.
>
> ‘औद्योगिक सुरक्षा’ : पीडीएफमधला मराठी मजकूर उचलला असता वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात. मूळ फाइलमध्ये ही अडचण येणार नाही. व्याख्यान 1 ते 8 च्या फाइल्स मिळाव्यात.
>
> ‘सांख्यिकीय प्रक्रिया नियंत्रण’ : पीडीएफ स्कॅन केलेली असून एका पानावर सहा स्लाइड्स आहेत. स्थिरांकांच्या तक्त्यातील 0.577 हा आकडा मी 0.517 असा वाचल्याने माझा स्वाध्याय चुकला. व्याख्यान 3 ते 6 च्या मूळ फाइल्स मिळाव्यात. मूळ फाइल देणे शक्य नसल्यास एका पानावर एक स्लाइड अशी, स्कॅन न केलेली पीडीएफही मला चालेल.
>
> फाइल्समधील शिक्षकांच्या टिपा किंवा आलेखांमागील माहितीची मला आवश्यकता नाही, ती काढून दिली तरी चालेल. या फाइल्स मी कोणालाही पुढे पाठवणार नाही. उरलेल्या तीन विषयांबाबत माझी काहीही अडचण नाही.
>
> हा ईमेल संबंधित शिक्षकांकडे जसाच्या तसा पाठवण्यास माझी हरकत नाही.
>
> आपला विद्यार्थी,
> (नाव, प्रवेश क्रमांक, मोबाइल)

समन्वयक_होते

हा मी वाचल्याच्या मिनिटाला पुढे पाठवला असता. शिक्षकांना प्रत लावू नका, ती मॅडमना लावू द्या. आपल्याला वळसा घालून गेलेला ईमेल कोणत्याच समन्वयकाला आवडत नाही, मलाही आवडत नसे.

गंगापूररोडकर

याच्याशी मी सहमत नाही. प्रत लावली नाही तर तो मॅडमच्या पेटीतच पडून राहील. आमच्याकडे असेच झाले होते.

खिळेजुळारी

‘कोणालाही पुढे पाठवणार नाही’ हे फाइलींबद्दल आहे ना? तयार केलेल्या सारांशाचे काय? तो वर्गाच्या गटावर टाकणार असाल तर आताच विचार करा.

पाळीवाला

सारांश मित्रांना द्यावा असे मनात होते, कारण दुसऱ्या पाळीचे आम्ही चौघे आहोत. शब्द माझे असतील, पण तक्ते आणि आकृत्या सरांच्याच असतील.

समन्वयक_होते

मी तर विचारल्याशिवाय देऊ नका असेच म्हणेन. सारांशात तुमची चूक असेल तर ती सरांच्या नावावर फिरते. 0.517 चौघांच्या मोबाइलवर गेला असता तर?

शंकाखोर

आणि विचारले की नाही म्हणतात. चौघांनी एकाच टेबलावर बसून वही वाटून घेतली तर कोणी परवानगी मागते का?

पाळीवाला

नऊ दिवसांनी लिहितो आहे. ईमेल कोणालाही प्रत न लावता पाठवला होता. मॅडमनी तो त्याच दिवशी दोन्ही शिक्षकांकडे पाठवला, असे त्यांच्या उत्तरावरून कळले. सुरक्षेच्या सरांनी आठही फाइल्स पीपीटीएक्समध्ये दिल्या. सांख्यिकीच्या सरांनी आकृत्या प्रकाशकाच्या संचातल्या असल्याने पीपीटी देता येणार नाही असे कळवले, पण एका पानावर एक स्लाइड अशी नवी पीडीएफ दिली. तक्ता आता स्वच्छ दिसतो.

अडले आहे ते वेगळ्याच ठिकाणी. सगळा मजकूर एकत्र मिळावा म्हणून पीपीटीएक्स उघडून Outline View मध्ये गेलो, तर तिथे स्लाइडचे क्रमांक आणि काही मथळे एवढेच दिसतात. आतला मजकूर स्लाइडवर आहे, तिथे नाही.

खिळेजुळारी

सरांनी मांडणीतल्या ठरलेल्या चौकटींत न लिहिता प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र मजकूरखोका टाकलेला आहे. Outline View मध्ये फक्त ठरलेल्या चौकटींतला मजकूर येतो. निम्मे लोक असेच करतात, कारण तयार चौकट हवी तिथे बसत नाही. फाइलमध्ये दोष नाही. कोणी संगणकाचे जाणकार असेल तर खोक्यांतला मजकूर एकदम काढून देईल.

कोडकरी_पंचवटी

पायथॉन आणि `python-pptx` असेल तर एवढे पुरेल :

```python
from pptx import Presentation
p = Presentation("suraksha_01.pptx")
for n, s in enumerate(p.slides, 1):
    print("---", n)
    for sh in s.shapes:
        if sh.has_text_frame:
            print(sh.text_frame.text)
```

तक्त्यांतला आणि गटात बांधलेल्या आकारांतला मजकूर यात येणार नाही. आणि मजकूर खोके ज्या क्रमाने टाकले त्या क्रमाने येईल, वाचायच्या क्रमाने येईलच असे नाही.

पाळीवाला

चालले. वेलांट्या सगळ्या जागेवर आहेत. पहिल्या व्याख्यानाचा मजकूर चार मिनिटांत निघाला आणि सारांश कालच्या बसमध्ये वाचला. फक्त अग्निशामकांच्या स्लाइडवर आगीचे प्रकार आणि त्यांसाठीची साधने यांचे खोके मागेपुढे आले आहेत. यंत्रात वीज चालू असताना लागलेल्या आगीखाली पहिले साधन म्हणून ‘पाणी’ आले होते. ती स्लाइड समोर ठेवून हातानेच लावून घेतली. बाकीच्या सात व्याख्यानांतही अशा जोड्यांच्या स्लाइड्स आधी शोधतो आहे.

मित्रांना सारांश द्यायचा की नाही हे अजून ठरलेले नाही. रविवारी सर भेटतील तेव्हा विचारेन.